क्लास डायग्राम: त्रिकोणी बाण, साध्या रेषा आणि टोकांवरचे आकडे नेमके कसे वाचायचे?

प्रकल्पग्रस्त

नमस्कार. मी नागपुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला शिकतो. आमच्या गटाने प्रकल्पासाठी कळमना बाजारातील संत्र्यांच्या हर्रासाची नोंद ठेवणारी प्रणाली निवडली आहे. आवाका मुद्दामच लहान ठेवला आहे: शेतकरी माल आणतो, त्या मालाच्या ढेऱ्या लागतात, प्रत्येक ढेरीवर खरेदीदार बोली लावतात आणि एखादी बोली मान्य झाली की सौदा नोंदवला जातो. आम्ही काढलेल्या क्लास डायग्रामवर मार्गदर्शक मॅडमनी लाल पेनाने तीन शेरे मारले आहेत: «बाण उलटा», «या रेषेवर आकडा कशाला?» आणि «आकड्यांच्या जागा तपासा». वहीचा फोटो स्पष्ट येत नाही, म्हणून तेच चित्र PlantUML मध्ये लिहून देतो.

```
Person "1" --> "0..*" Farmer
Person "1" --> "0..*" Buyer
Farmer "0..*" -- "1" Lot
Lot "1..*" -- "1" Bid
Buyer "0..*" -- "1" Bid
Lot -- Sale
```

येथे Lot म्हणजे ढेरी, Bid म्हणजे बोली आणि Sale म्हणजे सौदा. व्यक्ती हा मूळ क्लास असून त्यातून शेतकरी आणि खरेदीदार निघतात, म्हणून बाण वरून खाली काढला. एका शेतकऱ्याच्या कितीही ढेऱ्या असू शकतात, म्हणून शेतकऱ्याजवळ 0..* लिहिले. यात चुकले काय, हे मला खरोखर कळलेले नाही. शेरे वाचून दाखवू नका, कारण समजावून सांगा, ही विनंती.

धरमपेठी

बाण खालून वर जातो, म्हणजे शेतकऱ्यापासून व्यक्तीकडे. माहिती खालच्या क्लासकडून वरच्या क्लासकडे पोचते, म्हणून तशी पद्धत आहे. आकड्यांचे म्हणाल तर हा डेटाबेसमधला वन-टू-मेनी संबंधच आहे. ज्या बाजूच्या वस्तू अनेक, त्या बाजूला तारा काढायचा, म्हणजे तुमच्या चित्रात तो ढेरीच्या टोकाला यायला हवा. फॉरेन की सुद्धा ढेरीच्याच टेबलात जाईल. तारा योग्य जागी पडला की काम झाले. त्याच्या आधी 0 आहे की 1, हे प्रत्यक्षात कुणी पाहत नाही आणि बाणाच्या टोकाचा आकार कोणता आहे, यानेही फारसा फरक पडत नाही.

अजनीकर

धरमपेठी यांनी बाणाची दिशा आणि ताऱ्याची जागा बरोबर सांगितली आहे, परंतु दिशेमागचे कारण वेगळे आहे, आणि शेवटची दोन विधाने मान्य केली तर प्रकल्पग्रस्त यांचा गोंधळ वाढेल.

आधी बाण घेऊ. वारसा दाखवणाऱ्या बाणाने माहितीचा प्रवास दाखवला जात नाही. कोणाची व्याख्या कोणावर अवलंबून आहे, एवढेच तो सांगतो. जावामध्ये आपण `class Farmer extends Person` असे लिहितो. ही ओळ शेतकऱ्याच्या फाइलमध्ये असते. व्यक्तीच्या फाइलमध्ये शेतकऱ्याचा उल्लेखही नसतो, आणि उद्या हमाल नावाचा तिसरा उपवर्ग जोडला तरी व्यक्तीच्या फाइलला हात लावावा लागत नाही. ज्याला दुसऱ्याचे नाव घ्यावे लागते त्याच्याकडून बाण निघतो आणि ज्याचे नाव घेतले जाते त्याच्याकडे जातो. «यातून ते निघाले» असा विचार केला की हात आपोआप वरून खाली बाण काढतो, आणि तुमचे तेच झाले आहे. त्याऐवजी «शेतकरी ही एक व्यक्ती आहे» हे वाक्य मोठ्याने वाचावे. वाक्य ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने बाण जातो.

आता टोकाचा आकार. वारशाचे टोक हा बंद, आतून पोकळ त्रिकोण असतो आणि त्याची रेषा अखंड असते. तुमच्या मजकुरातील `-->` मुळे साधे बाणाचे टोक उमटते, आणि त्याचा अर्थ पूर्णपणे वेगळा होतो: एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूपर्यंत पोचता येते. तुमचे चित्र जसेच्या तसे वाचणाऱ्या माणसाला प्रत्येक व्यक्तीच्या खिशात काही शेतकरी आहेत असे दिसेल. PlantUML मध्ये पोकळ त्रिकोणासाठी `<|--` लिहावे लागते आणि त्रिकोण ज्या बाजूला, तो मूळ क्लास.

दुसरा शेराही यातूनच आला आहे. वारसा हा दोन क्लासमधला संबंध असतो, दोन वस्तूंमधला नसतो. एखादा विशिष्ट शेतकरी आणि त्याची व्यक्ती अशा दोन वेगळ्या वस्तू मेमरीत नसतातच. वस्तू एकच असते आणि ती शेतकरीही असते, व्यक्तीही असते. जिथे मोजायला दुसरी वस्तूच नाही तिथे «एकाला किती» हा प्रश्न निर्माण होत नाही. म्हणून वारशाच्या रेषेवर आकडा कधीही लिहायचा नाही.

तिसऱ्या शेऱ्याविषयी सविस्तर लिहावे लागेल. त्याआधी एक विचारते: डेटाबेसच्या तासाला तुम्हाला कंसात किमान आणि कमाल असे दोन आकडे लिहिण्याची पद्धत शिकवली होती का?

प्रकल्पग्रस्त

हो ताई, मागच्या सत्रात शिकवली होती. शेतकऱ्याच्या टोकाला (0,N) आणि ढेरीच्या टोकाला (1,1) असे लिहायचो, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. तेच इथे आणले.

काटोलचा बागायतदार

हा धागा संत्र्याच्या हर्रासाचा दिसला म्हणून लिहितो आहे. संगणकाचे मला फारसे कळत नाही, परंतु विद्यार्थ्याने बाजार नीट पाहिलेला दिसत नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक ढेरीला बोली लागतेच असे नाही. आंबिया बहाराचा माल एकदम आला आणि त्यात डागी फळ जास्त असले, तर ढेरी पडून राहते. दुसरी गोष्ट म्हणजे शेतकरी वेगळा आणि खरेदीदार वेगळा, असे तुम्ही धरून चालला आहात. माझी स्वतःची बाग आहे, पण एखाद्या वर्षी मी दुसऱ्यांच्या ढेऱ्याही विकत घेतो आणि बाहेर पाठवतो. मग मी तुमच्या कागदावर कुठल्या चौकटीत बसणार? तिसरे असे की आम्हा दोघा भावांचा माल एकाच गाडीत येतो आणि कधी कधी एकाच ढेरीत लागतो. विक्रीच्या हिशोबाची पट्टी मात्र दोन नावांनी लागते. बोलीचे पैसे वेळेवर मिळण्यासाठी तुमच्या प्रणालीत काय सोय केली आहे, तेही सांगावे.

अजनीकर

काका, पैशांच्या वेळेचा प्रश्न या चित्राच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी याच चित्रातल्या आहेत. त्यांच्याकडे येतेच, आधी आकड्यांची जागा पक्की करू.

प्रकल्पग्रस्त, तुमचे उत्तर वाचून उलगडा झाला. कंसातल्या किमान-कमाल पद्धतीत आकडा जवळच्या वस्तूविषयी बोलतो: शेतकऱ्याजवळ लिहिलेले (0,N) म्हणजे हा शेतकरी या संबंधात किती वेळा भाग घेतो. क्लास डायग्राममध्ये आकडा नेमका पलीकडे जातो. एका टोकावरच्या एका वस्तूवर उभे राहायचे, रेषेच्या पलीकडे पाहायचे, तिकडच्या किती वस्तू दिसतात ते मोजायचे आणि तो आकडा तिकडेच, म्हणजे दूरच्या टोकाला लिहायचा. एका शेतकऱ्यावर उभे राहून पाहिले तर शून्य किंवा कितीही ढेऱ्या दिसतात, म्हणून 0..* ढेरीच्या टोकाला जाते. एका ढेरीवर उभे राहून पाहिले तर एक शेतकरी दिसतो, म्हणून 1 शेतकऱ्याच्या टोकाला जातो. तुमचे मोजमाप बरोबर होते. ते एका पद्धतीत मोजून दुसऱ्या पद्धतीच्या कागदावर लिहिले गेले. तुमच्या तिन्ही रेषांवरचे आकडे एकाच प्रकारे उलटले आहेत, आणि ही खूण कामाची आहे. एखादीच रेषा उलटली असेल तर नजरचूक समजावी. सगळ्याच उलटल्या असतील तर माणूस दुसऱ्या पद्धतीने वाचतो आहे असे समजावे.

आता उलटलेल्या आकड्यांनी काय बिघडते ते पाहा. तुमचे चित्र जसे आहे तसे वाचले तर प्रत्येक शेतकऱ्याची नेमकी एक ढेरी असते आणि एका ढेरीचे मालक शून्यापासून कितीही असू शकतात. त्यावरून कोड लिहिणारा शेतकऱ्याच्या क्लासमध्ये ढेरीसाठी एकच जागा ठेवील. शेतकऱ्याने दुसरी ढेरी लावली की पहिलीच्या नोंदीवर दुसरीची नोंद बसेल, आणि प्रोग्राम कोणतीही त्रुटी न दाखवता पहिली ढेरी विसरून जाईल.

काकांचा पहिला मुद्दा बोलीच्या रेषेला लागू होतो, आणि «आधी 0 आहे की 1 हे कुणी पाहत नाही» या धरमपेठी यांच्या विधानाचे उत्तरही तिथेच आहे. ढेरीला किमान एक बोली असते, असे प्रकल्पग्रस्त यांनी धरले. समजा आपण जागा सुधारून बोलीच्या टोकाला 1..* आणि ढेरीच्या टोकाला 1 लिहिले. सकाळी माल उतरला आणि ढेरीची नोंद करायची आहे. चित्र सांगते की बोलीशिवाय ढेरी असू शकत नाही, म्हणून आधी बोली तयार करावी लागेल. परंतु बोलीला नेमकी एक ढेरी लागते, म्हणून आधी ढेरी तयार करावी लागेल. दोन्ही एकमेकींची वाट पाहत बसतात. हे पेचप्रसंग नेहमी वस्तू जन्माला येते त्या क्षणी उघडे पडतात. त्यामुळे आकडा लिहिण्यापूर्वी केवळ दिवसभराचे सरासरी चित्र पाहू नये. वस्तू नुकतीच तयार झाली आहे त्या क्षणी काय असते, आणि सगळे काही फसले तर काय उरते, हे दोन प्रश्न विचारावेत. ढेरीच्या बाबतीत पहाटेचे उत्तर शून्य बोली हे आहे आणि डागी मालाचे संध्याकाळचे उत्तरही तेच आहे, म्हणून 0..*.

सौद्याच्या रेषेवर तुम्ही काहीच लिहिलेले नाही. ढेरी विकली जाते किंवा पडून राहते, म्हणून सौद्याच्या टोकाला 0..1 यायला हवे आणि ढेरीच्या टोकाला 1. हे आकडे कोडमध्ये कसे उतरतात ते एकदा पाहिले की पुन्हा विसर पडत नाही.

```java
class Lot {
    private final Farmer owner;                      // 1
    private final List<Bid> bids = new ArrayList<>(); // 0..*
    private Sale sale;                               // 0..1

    Lot(Farmer owner) {
        this.owner = Objects.requireNonNull(owner);
    }
}
```

नेमका 1 असेल तर कन्स्ट्रक्टर ती वस्तू मागतो आणि रिकामी जागा नाकारतो. 0..1 असेल तर जागा रिकामी राहू शकते आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी तपासावी लागते. तारा असेल तर यादी येते. खालच्या मर्यादेतला एकच अंक बदलला की कन्स्ट्रक्टर बदलतो.

धरमपेठी

कन्स्ट्रक्टरचा मुद्दा मान्य. तरीही माझे म्हणणे असे आहे की विद्यार्थ्याने आधी टेबले काढावीत आणि मग त्यांवरून क्लास डायग्राम तयार करावे. म्हणजे हे प्रश्न आपोआप सुटतात. फॉरेन की रिकामी चालते की नाही, यावरून 0..1 की 1 ते कळतेच.

अजनीकर

त्या एका टोकापुरते कळते, दुसऱ्या टोकाचे कळत नाही. ढेरीच्या टेबलातील शेतकऱ्याची की रिकामी चालणार नाही, एवढे लिहिले की शेतकऱ्याच्या टोकाचा 1 मिळतो. शेतकऱ्याला किमान एक ढेरी असायलाच हवी, हे मात्र नुसत्या फॉरेन कीने सांगता येत नाही, 0..* आणि 1..* या दोन्हींसाठी टेबले तंतोतंत सारखी दिसतात. वारशाला तर टेबलांत थेट खूणच नाही. तो एका टेबलात, दोन टेबलांत किंवा तिन्ही टेबलांत मांडता येतो.

सदरवासी

मला काकांचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शेतकरी आणि खरेदीदार हे दोन उपवर्ग केले तर काकांची वस्तू कोणत्या क्लासची बनवायची? आमच्या कार्यालयात याच प्रकारची रचना होती, कर्मचारी आणि ग्राहक असे दोन उपवर्ग. जे कर्मचारी ग्राहकही होते त्यांच्या दोन-दोन नोंदी तयार होत असत. पत्ता एकीकडे बदलला तरी दुसरीकडे जुनाच राहत असे. शिवाय माझा एक स्वतंत्र प्रश्न आहे. ढेरी आणि बोली यांच्यामध्ये तुम्ही साधी रेषा का ठेवली? तिथे काळा भरीव हिरा हवा. ढेरी गेली की तिच्यावरच्या बोलींना अर्थ उरत नाही.

अजनीकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की पोकळ त्रिकोण काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. एकच वस्तू एकाच वेळी दोन्ही उपवर्गांत बसू शकते का? आणि एका उपवर्गातली वस्तू आयुष्यात दुसऱ्या उपवर्गात जाऊ शकते का? जावामध्ये वस्तू एकदा तयार झाली की तिचा क्लास बदलत नाही. काका दोन्ही परीक्षांत आपले चित्र मोडतात: एखाद्या वर्षी ते फक्त विकतात, एखाद्या वर्षी विकतात आणि विकत घेतातही. याचा अर्थ शेतकरी असणे हा त्यांचा प्रकार नाही, ती त्यांची भूमिका आहे. भूमिका वेगळी वस्तू म्हणून काढली की गाठ सुटते.

```
Role <|-- FarmerRole
Role <|-- BuyerRole
Person "1" -- "0..2" Role
FarmerRole "1" -- "0..*" Lot
Lot "1" -- "0..*" Bid
BuyerRole "1" -- "0..*" Bid
Lot "1" -- "0..1" Sale
```

व्यक्तीची नोंद एकच राहते. नाव, गाव आणि फोन तिथे एकदाच असतात. वारसा पुसला गेलेला नाही, तो भूमिकेकडे सरकला आहे, आणि तिथे तो दोन्ही परीक्षांत टिकतो, कारण शेतकऱ्याची भूमिका कधी खरेदीदाराची भूमिका होत नाही. व्यक्तीला जोडणारी रेषा फक्त मूळ भूमिकेपर्यंत काढली आहे याकडेही लक्ष द्यावे. मूळ क्लासला जोडलेली रेषा उपवर्गांना वारशाने मिळते. ती प्रत्येक उपवर्गाला पुन्हा काढली तर चित्रात दुप्पट संबंध असल्याचा भास होतो. 0..2 मध्ये मात्र एक उणीव आहे: एकाच व्यक्तीला दोन खरेदीदार-भूमिका दिल्या तरी आकडा तक्रार करणार नाही. तो नियम टीप म्हणून शेजारी लिहावा लागेल, कारण आकडा फक्त मोजतो, प्रकार तपासत नाही.

हिऱ्याविषयी सदरवासी यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. भरीव हिरा ढेरीच्या टोकाला काढला तर बोली एका वेळी एकाच ढेरीचा भाग असते, आणि ढेरी नष्ट करताना बोलीही तिच्यासोबत नष्ट होते. पहिली अट इथे लागू पडते. दुसरी बाजाराने ठरवायची आहे. तक्रार झाल्यास कोणी किती बोली लावली होती हे नंतर दाखवावे लागणार असेल, तर ढेरीसोबत बोली पुसून टाकणारे चित्र चुकीचे ठरेल. अर्थात ढेरीची नोंदही कधीच पुसायची नाही असे ठरवले तर हिरा चालेल.

सदरवासी

नोंद पुसण्याचा प्रश्न हा साठवणुकीचा आहे, रचनेचा नाही. चित्रात बोली ही ढेरीचाच भाग आहे, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. भरीव नको असेल तर पोकळ हिरा तरी काढावा.

अजनीकर

पोकळ हिऱ्याचा नेमका अर्थ यूएमएलच्या विनिर्देशानेच क्षेत्रानुसार आणि चित्र काढणाऱ्यानुसार बदलतो असे म्हणून सोडून दिला आहे, त्यामुळे मी तो वापरत नाही. भरीव हिऱ्याबाबत तुमचे आणि माझे मत जुळणार नाही असे दिसते. प्रकल्पग्रस्त यांनी मॅडमना एवढाच प्रश्न विचारावा की ढेरीची नोंद रद्द झाली तर बोलींचे काय करायचे आहे, आणि उत्तराप्रमाणे रेषा काढावी.

काटोलचा बागायतदार

माझ्या भावाच्या अर्ध्या ढेरीचे काय झाले?

अजनीकर

काका, ते राहिलेच होते. ढेरीचे मालक एकापेक्षा जास्त असू शकतात, असे मान्य केले तर शेतकऱ्याच्या टोकाचा 1 बदलून 1..* होतो, आणि दोन्ही टोकांना तारे येतात. केवळ तारा लावून भागत नाही, कारण पट्टी दोन नावांनी करताना कोणाचा वाटा किती हे कुठेतरी लिहावे लागेल. तो वाटा ढेरीत लिहिता येत नाही, कारण ढेरीला दोन वाटे आहेत. शेतकऱ्यातही लिहिता येत नाही, कारण त्याचा वाटा प्रत्येक ढेरीत वेगळा आहे. तो त्या दोघांमधल्या रेषेचा आहे. अशा वेळी त्या रेषेच्या जागी हिस्सा नावाचा स्वतंत्र क्लास काढणे नवशिक्यासाठी सोपे जाते.

```
FarmerRole "1" -- "0..*" Share
Share "1..*" -- "1" Lot
```

दोन्ही टोकांना तारे असलेली एक रेषा तुटून एक-एक तारा असलेल्या दोन रेषा झाल्या, आणि वाटा लिहायला जागा मिळाली.

प्रकल्पग्रस्त

म्हणजे शेवटच्या ओळीत हिश्शाच्या टोकाला 1..* असल्यामुळे हिश्शाशिवाय ढेरी तयार होऊ शकणार नाही, आणि हिश्शाला तर नेमकी एक ढेरी लागते. बोलीच्या बाबतीत तुम्ही दाखवलेला पेच इथेही येतो ना?

अजनीकर

बरोबर पकडलेत. फरक एवढाच की बोलीच्या वेळी तो आकडाच खोटा होता, आणि इथे तो खरा आहे: मालकाशिवाय ढेरी बाजारात लागत नाही. म्हणून आकडा बदलायचा नाही, ढेरी तयार करण्याची रीत बदलायची. ढेरीच्या कन्स्ट्रक्टरला शेतकरी आणि त्यांचे वाटे एकदम द्यावेत आणि हिस्से त्यानेच आतल्या आत तयार करावेत. यादी रिकामी आली किंवा वाट्यांची बेरीज शंभर टक्के झाली नाही, तर तिथेच त्रुटी दाखवावी. म्हणजे अर्धवट ढेरी बाहेर कुणाच्या हाती पडणार नाही. वर दिलेल्या कोडमधील `owner` ची ओळ त्यासाठी काढून टाकावी लागेल.

धरमपेठी

एवढ्या लहान प्रकल्पाला हिस्सा हा क्लास जड होईल असे माझे मत आहे. ढेरीला एकच मालक ठेवा आणि भावांनी आपसात वाटून घ्यावे.

काटोलचा बागायतदार

तसे केले तर पट्टी एकाच नावाने निघेल, आणि तेच आम्हाला नको आहे.

प्रकल्पग्रस्त

गटात विचारतो. हिस्सा ठेवला तर मॅडमकडे जाण्यापूर्वी सुधारलेले पूर्ण चित्र इथेच टाकीन. भरीव हिऱ्याची जागा तोपर्यंत साधी रेषा म्हणूनच ठेवतो.